‘दूध नाही हो ताई, शुद्ध तुपातलं आहे!’

रविवारची सकाळ, मिठाईच्या दुकानात गर्दी, आणि अडीच वर्षांची लेक कडेवर. समोरच्या परातीत बेसनाचे लाडू रचलेले. तिचा हात तिकडे गेला तसं मी विचारलं, “काका, यात दूध आहे का?” काकांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. “बेसनाच्या लाडवात दूध कुठून येणार ताई? शुद्ध तुपातले आहेत, बिनधास्त द्या बाळाला.”

काका खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे दूध म्हणजे सकाळी पातेल्यात तापवतो ते. तूप वेगळं, दही वेगळं, खवा वेगळा, श्रीखंडाचा चक्का तर आणखी वेगळा. मराठी स्वयंपाकघरात हे सगळे निरनिराळे पदार्थ आहेत आणि त्यांची निरनिराळी नावं आहेत. ज्या मुलाला गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या शरीराला मात्र ही नावं कळत नाहीत. म्हणून ‘दूध आहे का?’ हा प्रश्न खरेदीला निघालेल्या आईबापांच्या फारसा कामाचा नाही. दुकानात विचारताना आणि पाकीट वाचताना दुधाला त्याच्या प्रत्येक नावाने हाक मारावी लागते.

ती नावं पाठ करण्याची एक सोपी युक्ती आहे. दूध फाटतं तेव्हा काय होतं ते आठवा. वर चोथा येतो, खाली पिवळसर निवळी राहते. चोथ्यात केसीन नावाचं प्रथिन असतं, निवळीत व्हे नावाची प्रथिनं. गाईच्या दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. मुलाला यातल्या एकाची किंवा दोन्हींची अ‍ॅलर्जी असू शकते, आणि खरेदीच्या दृष्टीने दोन्ही वर्ज्यच धरायची.

आता कारखान्यातही दुधाचं तेच होतं जे आपल्या ओट्यावर होतं. चोथ्यापासून बनलेल्या गोष्टी लेबलवर केसीन, सोडियम केसिनेट, कॅल्शियम केसिनेट अशा नावांनी येतात. निवळीपासून बनलेल्या गोष्टींची नावं व्हे पावडर, डिमिनरलाइज्ड व्हे, व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, लॅक्टाल्ब्युमिन, लॅक्टोग्लोब्युलिन. सायीची भावंडं म्हणजे क्रीम, बटर, बटर ऑइल, अनहायड्रस मिल्क फॅट, घी आणि ताकापासून केलेले बटरमिल्क सॉलिड्स. आणि दूध जसंच्या तसं सुकवलं की मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, डेअरी व्हाइटनर, खवा. चोथा, निवळी, साय, सुकवलेलं दूध अशी ही चार घराणी. नवीन नाव दिसलं की ते यातल्या कुठल्या घरचं, एवढंच शोधायचं. ‘केस’ आणि ‘व्हे’ ही अक्षरं दिसली की थांबायचं, ‘लॅक्ट’ दिसलं तर नीट पाहायचं. नीट पाहायचं अशासाठी की लॅक्टिक अ‍ॅसिड आणि कॅल्शियम लॅक्टेट यांत ‘लॅक्ट’ असलं तरी ती सहसा दुधापासून बनत नाहीत, साखर किंवा पिष्ट आंबवून बनतात. लॅक्टोज मात्र दुधातूनच काढतात. ती साखर आहे, प्रथिन नाही, पण तिच्याबरोबर प्रथिनांचा अंश येऊ शकतो.

इथे एक गैरसमज मोडायला हवा, कारण तो दुकानात पैसे आणि घरी मुलाची तब्येत दोन्ही घालवतो. दूध न पचणं आणि दुधाची अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला लॅक्टोज पचत नाही त्याचं पोट बिघडतं, त्याला लॅक्टोज काढलेलं दूध चालतं. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला ते अजिबात चालत नाही, कारण त्यात प्रथिनं सगळीच्या सगळी असतात. ए-टू दूध, देशी गाईचं दूध, म्हशीचं दूध, हेही नाही. शेळीच्या दुधाबद्दल आमच्या घरी किती जणांनी सांगितलं त्याची गणती नाही, “गांधीजी प्यायचे” इथपासून सुरुवात व्हायची. पण शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त मुलांना शेळीचं दूधही बाधतं.

आणि तूप? तूप जवळजवळ पूर्ण स्निग्ध पदार्थ आहे हे खरं, प्रथिन त्यात नावापुरतं उरतं. पण किती उरतं ते कढवणाऱ्या हातावर आणि गाळणीवर अवलंबून. तळाशी बसलेली खरपूस बेरी म्हणजे लोण्याबरोबर आलेली दुधाची प्रथिनंच, भाजलेली. म्हणून डॉक्टरांनी स्पष्ट ‘चालेल’ म्हटल्याशिवाय तूप बंद. आमच्या सासूबाईंना हे पटायला चार महिने लागले. मी एक दिवस कढईतली बेरी त्यांना दाखवून म्हटलं, “आई, हेच ते.” त्या दिवसापासून नातीच्या वरणभातावर तेलाची फोडणी पडू लागली.

आता किराणा दुकानात चला. पाकीट हातात घेतल्यावर डोळा आधी जातो हिरव्या ठिपक्याकडे. त्याचा इथे काहीच उपयोग नाही. आपल्या नियमांत दूध शाकाहारी आहे, त्यामुळे पेढ्याच्या डब्यावरही हिरवा ठिपकाच असतो. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आलं, हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि वर छोटं पान. हे चिन्ह असलं तर घटकांमध्ये दूध टाकलेलं नाही एवढं कळतं, म्हणून शोधाची सुरुवात तिथून करणं सोयीचं. पण त्याच यंत्रावर आधी दुधाचा पदार्थ बनला असेल तर त्याचा अंश राहिला का, ते हे चिन्ह सांगत नाही. त्यासाठी पाकीट उलटायलाच हवं.

मागच्या बाजूला दोन जागा वाचायच्या. एक घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, सगळ्यात जास्त असलेला पदार्थ आधी. अ‍ॅलर्जीच्या मुलासाठी मात्र यादीच्या शेवटी असलेला घटक पहिल्या इतकाच महत्त्वाचा, म्हणून अर्ध्यात सोडायची नाही. दुसरी जागा यादीच्या खाली किंवा शेजारी, ‘कंटेन्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार दूध आणि दुधाचे पदार्थ वापरले असतील तर ते या ओळीत सांगावं लागतं. यादीत ‘सीझनिंग’ असा एकच शब्द लिहिलेला असतो आणि आत काय काय आहे ते कळत नाही, तेव्हा हीच ओळ कामाला येते. मिश्र घटक एकूण पदार्थाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या पोटातल्या वस्तूंची यादी द्यायची सक्ती नाही. त्यामुळे वेफर्सच्या मसाल्यातली व्हे पावडर यादीत नाही सापडली तरी ‘कंटेन्स मिल्क’मध्ये सापडायला हवी. मी आधी ही ओळ वाचते. तिथे दूध असेल तर पाकीट परत फळीवर, पुढचं वाचायची गरजच नाही. नसेल तर मात्र यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, कारण ओळ लिहिणाऱ्याचीही चूक होऊ शकते.

एक पाकीट जवळून दाखवते. लेकीला दूध बंद झाल्यावर मी सोलकढीकडे वळले. नारळ खवून, वाटून, पिळून दूध काढायला रोज वेळ नव्हता, म्हणून नारळाच्या दुधाची पावडर आणली. पुढे नारळाचं चित्र, हिरवा ठिपका, नाव ‘कोकोनट मिल्क पावडर’. यात शंका कशाची घ्यायची? मागे यादी अशी होती: नारळाचं दूध, माल्टोडेक्स्ट्रिन, सोडियम केसिनेट. नारळाच्या दुधात तेल खूप, ते तसंच वाळवलं तर त्याचा चिकट गोळा होईल. तेलाचे कण वेगळे ठेवायला दुधातलं हे प्रथिन घालतात. म्हणजे गाईच्या दुधाला पर्याय म्हणून घेतलेल्या वस्तूतच गाईच्या दुधाचं केसीन. सगळ्या कंपन्या ते घालत नाहीत, पण पुष्कळ घालतात. टेट्रापॅकमधल्या पातळ नारळाच्या दुधात ते सहसा नसतं, तरी पाकीट उलटायचंच. हीच गंमत ‘नॉन-डेअरी क्रीमर’ची. नावात ‘डेअरी नाही’ असं चक्क लिहिलेलं, आणि घटकांत सोडियम केसिनेट. हल्ली हॉटेलांत आणि लग्नांत वापरतात ते स्वस्त नकली पनीर पाम तेलाचं असतं म्हणून ‘दुधाचं नाही’ असं कोणी सांगतं. त्यातही बऱ्याचदा दुधाची पावडर किंवा केसीन असतं.

उलट बाजूचा घोळही होतो. ‘बदाम मिल्क’ नावाची केशरी बाटली म्हणजे गाईम्हशीचं दूध, त्यात बदामाचा वास. बदामापासून केलेलं पेय हवं असेल तर ते त्या नावाने सापडत नाही, कारण प्राणिज नसलेल्या पेयाला ‘दूध’ म्हणायला प्राधिकरणाची परवानगी नाही. म्हणून दुकानात ‘सोया ड्रिंक’, ‘आल्मंड ड्रिंक’, ‘ओट बेव्हरेज’ असं मागायचं किंवा शोधायचं. काही नावं उगाच घाबरवतात. कोको बटर कोकोच्या बियांचं, पीनट बटर शेंगदाण्याचं, लेसिथिन बहुतेक वेळा सोयाबीनचं. यांत दूध नाही. पण चॉकलेट लावलेलं पीनट बटर निघालं तर यादी परत वाचावी लागते.

डार्क चॉकलेटबद्दल मी जरा कडक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ च्या सुमारास शंभरेक डार्क चॉकलेट तपासली. ज्यांच्या घटकांत दूध लिहिलेलं नव्हतं अशांपैकी निम्म्याहून जास्त चॉकलेटांमध्ये दूध सापडलं. कारण साधं आहे. मिल्क चॉकलेट आणि डार्क चॉकलेट एकाच यंत्रावर बनतात आणि चॉकलेटची यंत्रं पाण्याने धूत नाहीत, पाणी चॉकलेटला मारक असतं. ‘मे कंटेन मिल्क’ ही ओळ अशा वेळी कधीकधी लिहिलेली असते. ही ओळ दिसल्यावर घ्यायचं की नाही, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. ज्या मुलाला थोड्याशा दुधानेही अंगभर गांध्या उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो, त्याला ते द्यायचंच नाही. ज्याला फक्त उशिरा, एक-दोन दिवसांनी शौचात रक्त किंवा इसब वाढणं असा त्रास होतो, त्याच्याबाबतीत डॉक्टर कधी सूट देतात. हा निर्णय दुकानात उभं राहून घ्यायचा नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवायचा.

आमची चूक झाली ती अनोळखी वस्तूत नव्हे, नेहमीच्या टोस्टमध्ये. तो आम्ही सहा महिने घेत होतो, यादी पाठ होती. दिवाळीच्या गडबडीत नवीन पाकीट आणलं, त्यावर कोपऱ्यात ‘आता आणखी खुसखुशीत’ असं काहीतरी लिहिलं होतं. अर्धा टोस्ट खाऊन झाल्यावर वीस मिनिटांत लेकीचा वरचा ओठ सुजला आणि मानेवर गांध्या उठल्या. पाकीट उलटलं तर पाचव्या जागी मिल्क सॉलिड्स. नशिबाने त्यापुढे गेलं नाही. पुढे गेलं असतं, म्हणजे आवाज बसला असता, श्वास घेताना घरघर लागली असती, मूल एकदम निस्तेज पडलं असतं किंवा अंगावरच्या गांध्यांबरोबर उलट्या सुरू झाल्या असत्या, तर घरातल्या खाजेच्या औषधावर विसंबून वाट पाहायची नसते. अशा वेळी लागणारं औषध अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. डॉक्टरांनी ते घरी ठेवायला दिलं असेल तर लगेच द्यायचं आणि मग रुग्णालय गाठायचं, नसेल तर ते ताबडतोब मिळेल अशा जवळच्या रुग्णालयात थेट जायचं. त्या दिवसापासून पाकीट नेहमीचं असलं तरी प्रत्येक खेपेला वाचतो. ‘नवीन चव’, ‘सुधारित’, ‘जास्त मोठं पाकीट’ असं लिहिलेलं दिसलं तर दोनदा. एकाच नावाच्या बिस्किटाच्या लहान आणि मोठ्या पुड्यांत घटक वेगळे निघालेले मी पाहिले आहेत.

लहान वस्तूंचा प्रश्न वेगळाच. ज्या पाकिटाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्यावर घटकांची यादी छापायची सक्ती नाही. म्हणजे सुटी गोळी, टॉफी, मसाल्याची छोटी पुडी. यादी असते त्या मोठ्या बरणीवर किंवा खोक्यावर, जी दुकानदाराकडे राहते. वाढदिवसाला बालवाडीत वाटलेली टॉफी घरी येते तेव्हा तिच्यावर नावाशिवाय काही नसतं. आम्ही बाईंकडे एक डबा देऊन ठेवला आहे, त्यात लेकीला चालणाऱ्या गोळ्या असतात. कुणी वाटलं की बाई तिला त्यातली देतात.

सुट्या मालाला तर लेबलच नाही, तिथे प्रश्न विचारण्याची कला लागते. बेकरीत मी आता असं विचारते: “पावाच्या कणकेत दूध पावडर किंवा बटर घालता का? वरून काय लावता? ट्रेला काय फासता?” लादीपाव बऱ्याच ठिकाणी मैदा, यीस्ट, मीठ, साखर आणि तेल एवढ्यावर होतो, पण वरची चमक कधी दुधाच्या हाताने आणलेली असते. ब्रेडच्या, बनच्या बाबतीत दुधाची शक्यता बरीच जास्त. खारी आणि नानकटाईत वनस्पती तूप वापरलं की मालक म्हणतात, “तूप नाही, डालडा आहे,” आणि ते खरं असलं तरी त्याच्या जोडीला मार्गारीन आलं तर त्यात दुधाचे घटक असू शकतात. डबा बघायला मागितला तर चांगले बेकरीवाले दाखवतात. नाही दाखवला तर तो पाव नाही. मिठाईच्या दुकानातून मी गोड काहीच घेत नाही. चिक्की, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याचा लाडू या वस्तू घटकांच्या हिशेबाने चालणाऱ्या, पण पेढे उचललेल्या त्याच हाताने आणि त्याच चिमट्याने त्या उचलतात, कधी ताटाला तुपाचा हात असतो. पावभाजीच्या गाडीवरचा तवा आणि डोशाचा तवा हे लोण्याने मुरलेले असतात. “बटर नको” म्हणून भागत नाही.

औषधांच्या दुकानातही डोळे उघडे ठेवायला लागतात. आधी बाळाच्या दुधाच्या डब्याचं. मूल वर्षाच्या आतलं असेल आणि वरचं दूध द्यावं लागत असेल तर दुकानदाराने सुचवलेला डबा घेऊ नये. लॅक्टोज नसलेला डबा जुलाबांसाठी असतो, त्यात बहुधा केसीन असतं. ‘एचए’ लिहिलेल्या डब्यातली प्रथिनं अर्धवट तोडलेली असतात, ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला ती पुरेशी तुटलेली नसतात. उपचारासाठी लागतो तो पूर्णपणे विघटित केलेल्या प्रथिनांचा डबा, लेबलवर ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’. त्यानेही भागलं नाही किंवा त्रास फार तीव्र असला तर अमिनो आम्लांचा. दोन्ही महाग, दोन्हींना उग्र वास आणि कडवट चव, आणि दोन्ही फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीने ठरवायचे. सोयाचा डबा सहा महिन्यांनंतर काही मुलांना चालतो, काहींना सोयाचीही अ‍ॅलर्जी निघते. आई अंगावर पाजत असेल तर दूध तोडायची गरज नसते. डॉक्टरांनी सांगितलं तर आईने स्वतःच्या जेवणातून दुधाचे पदार्थ बंद करायचे आणि स्वतःसाठी कॅल्शियम घ्यायचं. मोठ्या मुलासाठी गोळ्या, पोटाच्या जिवाणूंची पावडर किंवा दम्याचा पावडरवाला पंप लिहून दिला तर अ‍ॅलर्जीची आठवण करून द्यायची. पुष्कळ गोळ्यांत आणि पंपांत लॅक्टोज असतं. दातांचे डॉक्टर कीड थांबवायला जी मलई लावतात त्यांतल्या एका प्रकारात केसीनच काम करतं, तिथेही आधी सांगायचं.

मग द्यायचं काय? वर्षाच्या आत सोया, बदाम, नारळ, ओट यांचं पेय मुख्य दूध म्हणून देऊ नये, त्याने बाळाचं पोषण होत नाही. वर्षानंतर डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाने हो म्हटलं की साखर नसलेलं, कॅल्शियम घातलेलं सोया ड्रिंक हा पहिला पर्याय, सोया चालत असेल तर. कारण प्रथिनांच्या बाबतीत तेच गाईच्या दुधाच्या जवळ जातं. गाईच्या दुधात १०० मिलीमागे सुमारे ३ ग्रॅम प्रथिनं, सोया ड्रिंकमध्येही साधारण तेवढीच, बदामाच्या पेयात बहुधा १ ग्रॅमच्या आसपास किंवा कमी. नारळाच्या दुधात तर प्रथिन आणि कॅल्शियम दोन्ही जेमतेम. ते स्वयंपाकात वापरा, पेला भरून ‘दूध प्यायली’ असं समजू नका. तांदळाच्या पेयात आर्सेनिकचा अंश जास्त येऊ शकतो म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असा सल्ला आहे. मी ते आणतच नाही.

लेबलवर कॅल्शियमचा आकडा बघा. १०० मिलीत १२० मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर ते गाईच्या दुधाइतकं झालं. घरी सोयाबीन भिजवून केलेल्या दुधात वरून घातलेलं कॅल्शियम नसतं. विकतच्या खोक्यातलं कॅल्शियम तळाशी बसतं, ओतण्याआधी जोरात हलवलं नाही तर वरचा पेला नुसताच पांढरा. आमच्या लेकीच्या वयाला, म्हणजे एक ते तीन वर्षांना, राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे. आहारतज्ज्ञाने आमचा दिवस असा मांडून दिला. दोन वेळा मिळून २०० मिली सोया ड्रिंक, त्यातून २४० मिलिग्रॅम. सकाळी ३० ग्रॅम नाचणीच्या पिठाची आंबील, गूळ घालून, त्यातून सुमारे १००. भाकरीबरोबर चमचाभर तिळाची चटणी, त्यातून कागदावर ६०, पण टरफलासकट तिळातलं कॅल्शियम शरीराला कमीच लागतं म्हणून त्यांनी ते निम्मंच धरलं. डाळ, पालेभाजी, भात यांतून आणखी थोडं. जे कमी पडलं ते थेंबांच्या औषधातून. तीळ हीही अ‍ॅलर्जी देणारी वस्तू आहे, आधी थोडी चाखवून पाहिलेली असावी.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. ज्या घरात अंडं, मासे, मटण येत नाही तिथे बी-१२ मिळण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग दूध असतो. दूध बंद केलं की हा मार्ग बंद. कॅल्शियम सगळ्यांना आठवतं, बी-१२ विसरलं जातं. अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर डॉक्टरांना विचारून बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाचं औषध. घेतलेल्या सोया ड्रिंकमध्ये बी-१२ घातलं आहे का तेही खोक्यावर बघायचं. काहींत असतं, काहींत नाही.

रोजच्या जेवणात पर्याय सोपे आहेत, कारण आपली बरीच पाकक्रिया दुधाशिवायच उभी आहे. भाकरी, आमटी, उसळ, थालीपीठ, पोहे, इडली, घावन. थालीपिठावर लोण्याऐवजी शेंगदाण्याची चटणी आणि तेल. शिरा तेलात रवा भाजून, नारळाच्या दुधात, वेलची घालून. उकडीचे मोदक तूप न लावता, केळीच्या पानाला तेलाचा हात. पुरणपोळी तव्यावर तेलाने भाजायची आणि वाढताना तिच्यासोबत गुळवणी. ताकाची जागा सोलकढीने घेतली आहे, आता मी नारळ स्वतःच वाटते. फक्त घरात दोन कढया ठेवल्या आहेत. लोणकढ्या तुपाच्या डब्यात बुडालेला चमचा तिच्या भातात जाऊ नये म्हणून तिचा चमचा लाल दांड्याचा.

हे किती दिवस चालणार, हा प्रश्न प्रत्येक भेटीत आम्ही विचारतो. बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी मोठं होताना जाते, काहींची शाळेत जाईपर्यंत, काहींची नंतर. ठरावीक काळाने डॉक्टर थोड्या प्रमाणात दूध देऊन तपासतात, पुष्कळदा आधी बिस्किटासारख्या भट्टीत भाजलेल्या पदार्थातून. ते घरी ‘बघू जरा काय होतं’ म्हणून करायचं नाही. आमची पुढची तपासणी जूनमध्ये आहे. तोपर्यंत त्या मिठाईवाल्या काकांकडे मी शेव घ्यायला जाते. परवा त्यांनीच आपण होऊन विचारलं, “ताई, शेवेत मोहन तेलाचं आहे, पण याच कढईत काल पनीरची भजी तळली. चालेल का?” मी शेव परत ठेवली.